दीड हजार मेंढ्या आणि चार रेघा

शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ या नाटकात मेंढपाळाचा एक भोळसट पोरगा सणाच्या बाजारहाटाला निघालेला आहे. साखर, मनुका, तांदूळ, केशर अशी यादी त्याच्याजवळ आहे, आणि थोड्याच वेळात एक भामटा त्याचा खिसा कापणार आहे. त्याआधी तो चालता चालता लोकरीचा हिशेब करू पाहतो. अकरा मेंढ्यांची लोकर मिळून एक टॉड भरते. टॉड म्हणजे साधारण पावणेतेरा किलो. एका टॉडला एक पौंड आणि वर एक शिलिंग मिळतो. कातरून झाल्या आहेत दीड हजार मेंढ्या, तर पैसे किती व्हायचे? दोन पावलांतच तो हात टेकतो आणि म्हणतो, चकत्यांशिवाय हे काही आपल्याला जमायचे नाही.

१६११ साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात हा प्रयोग पाहणाऱ्यांना त्या चकत्या कोणत्या, हे सांगावे लागत नव्हते. आज आपण अडलो तर कागद-पेन शोधतो. त्याला कागद आठवला नाही, चकत्या आठवल्या. त्या काळच्या युरोपात हिशेब करणे आणि हिशेब लिहिणे ही दोन वेगळी कामे होती. लिहायला शाई-लेखणी लागे, करायला मात्र टेबल आणि मूठभर चकत्या पुरत. आपण त्या पोराचे गणित त्याच्याच पद्धतीने सोडवू. तसे केल्याशिवाय ही पद्धत किती चोख होती, ते नीट कळत नाही.

टेबलावर खडूने चार आडव्या रेघा ओढायच्या. सगळ्यांत खालची रेघ एककाची, तिच्या वरची दहाची, मग शंभराची, मग हजाराची. हजाराच्या रेघेवर एक फुली मारून ठेवायची, म्हणजे रेघा जास्त झाल्या तरी नजर चुकत नाही. रेघेवर ठेवलेली चकती त्या रेघेच्या किमतीची. दोन रेघांच्या मधल्या जागेत ठेवली तर तिची किंमत खालच्या रेघेच्या पाचपट. एकक आणि दहा यांच्या मधली चकती म्हणजे पाच, दहा आणि शंभर यांच्या मधली पन्नास, त्याच्या वरची पाचशे. नियम फक्त दोन. रेघेवर पाच चकत्या जमल्या की त्या उचलायच्या आणि वरच्या मोकळ्या जागेत एक ठेवायची. मोकळ्या जागेत दोन जमल्या की त्या उचलून वरच्या रेघेवर एक ठेवायची. चकत्या सगळ्या सारख्याच असतात, त्यांच्यावर आकडा नसतो. किंमत ठरते ती जागेवरून.

आता रोमन आकडे आठवा. एकासाठी एक चिन्ह, पाचासाठी दुसरे, मग दहा, पन्नास, शंभर, पाचशे, हजार. म्हणजे एक रेघ, एक मधली जागा, पुन्हा रेघ, पुन्हा जागा. १३६ या संख्येसाठी टेबलावर शंभराच्या रेघेवर एक चकती लागते, दहाच्या रेघेवर तीन, पाचाच्या जागेत एक आणि खाली एक. रोमन आकड्यांत १३६ लिहिताना नेमकी हीच चिन्हे, याच क्रमाने, तितक्याच वेळा येतात. चारसाठी ‘पाचातून एक वजा’ असे लिहायची रीत आपण शाळेत शिकलो, पण मध्ययुगीन वह्यांत सरळ चार रेघाही सर्रास दिसतात. कित्येक जुन्या घड्याळांच्या तबकडीवर अजून तशाच आहेत. टेबलावरही चार म्हणजे चार चकत्याच.

रोमन आकड्यांत गुणाकार करून बघा म्हणजे त्यांचे हाल कळतील, असे आपल्याकडे हमखास सांगितले जाते. टीका चुकीच्या जागी आहे. त्या आकड्यांत गुणाकार करायला कोणी बसतच नव्हते. ते आकडे म्हणजे टेबलावरच्या मांडणीची नोंद. गणित टेबलावर व्हायचे आणि उत्तर वहीत उतरायचे. शून्याचे चिन्ह नाही म्हणून अडायचेही काही कारण नव्हते, कारण टेबलावर शून्य म्हणजे रिकामी रेघ.

मेंढपाळाच्या पोराला आधी दीड हजाराला अकराने भागायचे आहे. हजाराच्या रेघेवर एक चकती ठेवू आणि तिच्या खालच्या पाचशेच्या जागेत एक. भागाकार म्हणजे इथे अकरा उचलत राहणे. फक्त सुरुवात वरून करायची, म्हणजे हात कमी हलवावा लागतो. शंभराच्या रेघेला एकक मानले तर अकरा म्हणजे अकराशे. हजाराची चकती उचलली. शंभराच्या रेघेवर उचलण्यासारखे काही नाही, म्हणून पाचशेची चकती मोडून तिथे पाच चकत्या केल्या आणि त्यांतली एक उचलली. उरले चारशे. अकराशे एकदा गेले, म्हणून बाजूला उत्तराच्या जागी शंभराच्या रेघेवर एक चकती. मग दहाच्या रेघेला एकक मानायचे, म्हणजे अकरा झाले एकशे दहा. ते चारशेतून तीनदा जातात आणि सत्तर उरतात. उत्तरात दहाच्या रेघेवर तीन चकत्या. शेवटी साधे अकरा. सत्तरातून ते सहा वेळा जातात. उत्तरात पाचाच्या जागेत एक, एककावर एक. पलीकडे चार चकत्या उरल्या, त्या चार मेंढ्या. एकूण १३६ टॉड लोकर.

आता प्रत्येक टॉडला एकवीस शिलिंग, कारण पौंडाचे शिलिंग वीस. १३६ गुणिले २१. इथे पाढा लागत नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. १३६ ची मांडणी डावीकडे तशीच राहू द्यायची आणि वरून एकेक चकती उचलत जायची. शंभराच्या रेघेवरची चकती उचलली की उजवीकडे एकवीस मांडायचे, पण शंभराची रेघ एककाची आहे असे समजून. म्हणजे शंभरावर एक आणि हजारावर दोन. दहाच्या रेघेवरच्या तीन चकत्यांसाठी तेच तीनदा, दहाला एकक मानून. त्यामुळे दहावर तीन आणि शंभरावर सहा वाढल्या. पाचाच्या जागेतली चकती म्हणजे वरच्या रेघेच्या चकतीची अर्धी. तिच्यासाठी एकवीस दहाच्या रेघेपासून मांडले असते तर दोनशे दहा झाले असते. त्याचे अर्धे एकशे पाच, म्हणून शंभरावर एक आणि पाचाच्या जागेत एक. राहिली एककाची चकती. तिच्यासाठी साधे एकवीस, दहावर दोन आणि एककावर एक.

उजवीकडे आता हजारावर दोन चकत्या आहेत, शंभरावर आठ, दहावर पाच, पाचाच्या जागेत एक आणि एककावर एक. आवराआवर करू. शंभरावरच्या आठांतल्या पाच उचलून पाचशेच्या जागेत एक ठेवली, रेघेवर तीन राहिल्या. दहावरच्या पाचही उचलून पन्नासच्या जागेत एक ठेवली. वाचा: दोन हजार, पाचशे, तीनशे, पन्नास, पाच, एक. २८५६ शिलिंग.

हातचा घ्यायचा, लक्षात ठेवायचा, मग विसरायचा, ही शाळेतली भानगड इथे नाही. हातचा टेबलावर सगळ्यांसमोर पडलेला असतो आणि सवड मिळेल तेव्हा वर सरकवता येतो. मोजायचे ते पाचापर्यंतच. गुणाकाराला निम्मे करता आले की झाले. लेखणीने गुणाकार करणाऱ्याला निदान नवापर्यंतचे पाढे तोंडपाठ लागतात, टेबलवाल्याला ‘सात आठे छप्पन्न’ ठाऊक नसले तरी त्याचे अडत नाही.

ताळाही करून पाहू. प्रत्येक टॉडला एक पौंड एक शिलिंग, म्हणजे १३६ टॉडचे १३६ पौंड आणि १३६ शिलिंग. १३६ शिलिंगांचे सहा पौंड सोळा शिलिंग. एकूण १४२ पौंड १६ शिलिंग. २८५६ ला विसाने भागले तरी हेच येते. उरलेल्या चार मेंढ्यांच्या लोकरीचे साडेसात शिलिंगांच्या आसपास. दोन वाटांनी जाऊन एकाच उत्तरावर पोचणे हाच टेबलवाल्याचा खरा ताळा. त्याला दुसरा इलाज नव्हता, कारण गणित संपेपर्यंत मूळ मांडणी उचलली गेलेली असते. मधल्या कोणत्या पायरीवर चूक झाली हे शोधायला मागे काही उरत नाही. उत्तर चुकले असे वाटले तर पहिल्यापासून पुन्हा सगळे. बाहीचा धक्का लागून एक चकती एका रेघेवरून दुसरीवर गेली, तर दहाचे शंभर होतात आणि टेबल बघून ते कळत नाही.

इंग्लंडच्या राजाने या भीतीवर तोडगा काढला होता, तो टेबलाच्या कडांचा. राजाच्या खजिन्याचा कारभार कसा चालतो यावर रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने बाराव्या शतकात, ११७० च्या दशकाच्या अखेरीस, ‘डायलॉगस डी स्कॅकारिओ’ नावाचा लॅटिन ग्रंथ संवादरूपात लिहिला. त्यात त्या टेबलाची मापे दिली आहेत. लांबी दहा फूट, रुंदी पाच फूट, आणि चारी बाजूंनी सुमारे चार बोटे उंचीची कड, म्हणजे वरचे काही खाली पडू नये. टेबलावर काळे कापड अंथरायचे. ते साधे नसे, त्यावर पट्टे आखलेले असत, आणि दरवर्षी ईस्टरच्या बैठकीसाठी ते नवे घेतले जाई. चौकटींचे हे कापड बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे. त्यावरूनच खात्याचे नाव एक्सचेकर पडले, आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही त्याच नावाने ओळखला जातो.

या टेबलावर रेघा आडव्या नव्हत्या, उभे रकाने होते. उजवीकडून पहिला पेन्सचा, दुसरा शिलिंगचा, तिसरा पौंडांचा, मग वीस-वीस पौंडांचा, मग शेकड्यांचा, हजारांचा, दहा हजारांचा. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, त्यामुळे प्रत्येक रकान्याचा वरच्या रकान्यात जायचा आकडा वेगळा. ज्यांच्या घरी आजोबांनी रुपये-आणे-पैचा हिशेब केला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. असल्या मोजमापांत कागदावरचा हिशेब जीव खातो. रकान्यांच्या टेबलाला फरक पडत नाही, कुठे बारा झाल्यावर उचलायचे आणि कुठे वीस, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेर मायकेलमसच्या सणाला, प्रत्येक परगण्याचा शेरीफ या टेबलापुढे येऊन बसे. मुंबईत शेरीफ हे मानाचे पद म्हणून आपल्याला ठाऊक आहे. तो जुना इंग्रज शेरीफ मात्र वसुली करणारा अंमलदार होता. टेबलाच्या एका बाजूला हिशेबनीस. त्याने शेरीफकडून येणे असलेली रक्कम रकान्यांत मांडायची, तिच्या खाली शेरीफने भरलेली रक्कम मांडायची आणि वरच्या ओळीतून खालची उचलायची. वर काही राहिले तर ती बाकी. फिट्झनील म्हणतो की हा डाव खजिनदार आणि शेरीफ यांच्यात रंगतो आणि बाकीचे भोवती बसून निकाल बघतात. शेरीफला वाचता येत नसले तरी बिघडत नसे. त्याचे पैसे त्याच्या डोळ्यांसमोर मांडलेले असत आणि एखादी चकती भलत्या रकान्यात गेली तर ओरडायला तो समोरच होता. टेबलावर मागमूस राहत नाही या उणिवेवर सगळ्यांच्या साक्षीने हिशेब हाच उपाय होता.

ही युक्ती इंग्रजांची नव्हे. ग्रीसच्या सालामिस बेटावर १८४६ मध्ये संगमरवराची एक शिळा सापडली. जवळजवळ दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, वर समांतर रेघा कोरलेल्या आणि कडेने ग्रीक अंकचिन्हे. ती इसवी सनापूर्वी सुमारे ३०० ची मानतात. रोमन लोकांकडे तळहातावर मावेल असे पितळी यंत्रही होते. खाचेत सरकणारे मणी, खालच्या खाचेत चार आणि वरच्या आखूड खाचेत एक. वरचा मणी पाचाचा. आज गल्लोगल्ली ॲबॅकसचे क्लास आहेत, तिथे मुलांच्या हातात असते ती जपानी सोरोबान. तिच्यात प्रत्येक दांडीवर खाली चार मणी आणि वर एक. चौकटीतले मणी सांडत नाहीत आणि बोटे पटापट चालतात, पण पाचाची युक्ती तीच, रेघ आणि मधली जागा.

आपल्याकडचे गणित मात्र निराळ्या वाटेने गेले. भारतात अंक नऊ आणि दहावे शून्य. किंमत इथेही जागेवरून ठरते, पण जागेवर चकत्यांची रास नसते, एकच अंक असतो. हे अंक फळीवर पसरलेल्या धुळीत बोटाने किंवा काडीने लिहीत, म्हणून अंकगणिताला पाटीगणित म्हणत, आणि धूलिकर्म हाही शब्द जुन्या ग्रंथांत येतो. महाराष्ट्रातल्या पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवरच अक्षरे गिरवीत. धुळीवर गुणाकार करताना मधला अंक पुसून त्याच जागी नवा लिहितात. म्हणजे मागमूस राहत नाही ही चकत्यांची खोड इथेही होतीच. फरक पडतो तो डोक्यावरच्या भाराचा. सात आणि आठ समोर आले की छप्पन्न आठवावेच लागतात. आपल्या शाळांत तिसापर्यंतचे पाढे, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, असे संध्याकाळी ओरडून म्हणवून घेत, त्याचे कारण इथे आहे. युरोपच्या टेबलाने जे काम हातांवर टाकले, ते आपण मुलांच्या पाठांतरावर टाकले. कोणते सोपे, हे ज्याने पाऊणकी पाठ केली आहे त्याला विचारावे.

हे अंक अरबांकडे गेले तेव्हा धूळपाटीही बरोबर गेली. दमास्कसमध्ये ९५२-५३ च्या सुमारास अल-उक्लिदिसी या गणितज्ञाने हिंदी गणितावर ग्रंथ लिहिला आणि त्यात पाटी टाकून शाई-कागदावर गणित करायच्या रीती दिल्या. एक कारण त्याने मोठे मजेदार दिले आहे. धूळपाटी घेऊन बसले की माणूस रस्त्यावरच्या ज्योतिषासारखा दिसतो. खरा बदल मात्र गणिताच्या मांडणीत झाला. कागदावर पुसता येत नाही, म्हणून मधले अंक तसेच ठेवून पुढे जायच्या पद्धती काढाव्या लागल्या. आज आपण गुणाकाराच्या ओळी एकाखाली एक लिहून बेरीज करतो, ती त्याच गरजेतून आलेल्या पद्धतींपैकी एक. चूक झाली तर मास्तर लाल शाईने नेमकी कोणती ओळ चुकली ते दाखवू शकतात. चकत्यांच्या टेबलाला हे कधीच जमले नाही, आणि लेखणी जिंकली ती मुख्यतः यामुळे.

जिंकायला मात्र शतके लागली. पिसाच्या लिओनार्दोने १२०२ मध्ये ‘लिबर अबाची’ लिहिले. नावात अबाकस असूनही पुस्तक शिकवते ते हिंदी अंकांनी लिहून करायचे गणित. १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफ-मंडळाने आपल्या सदस्यांना वह्यांत हे अंक वापरायला मनाई केली. अंकात फेरफार सोपा, शून्याला शेपूट काढली की सहा किंवा नऊ, हा धोका त्या काळी खराच वाटत होता. लेखणीला कागदही मुबलक लागतो, आणि तो स्वस्त होईपर्यंत टेबल मागे हटले नाही. जर्मनीत ॲडम रीसने १५१८ मध्ये फक्त रेघांवरच्या गणिताचे पुस्तक काढले आणि १५२२ मध्ये रेघा आणि लेखणी दोन्ही शिकवणारे. दुसऱ्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेकॉर्डने १५४३ च्या ‘द ग्राउंड ऑफ आर्ट्स’मध्ये लेखणीचे गणित शिकवले, आणि चकत्यांचे गणितही त्या पुस्तकात दिले. न्यूरेंबर्गचे कारागीर तेव्हा पितळी चकत्या घाऊक पाडून युरोपभर विकत होते. त्यामुळे शेक्सपिअरच्या पोराला चकत्या हव्याशा वाटल्या यात मागासलेपणा नव्हता. त्याची गोष्ट एवढीच की तो रस्त्यावर होता आणि टेबल घरी.

घरात पाचवीपर्यंतचे मूल असेल तर क्लासची फी भरण्याआधी हे एकदा करून बघा. वहीच्या कागदावर तीन आडव्या रेघा ओढा आणि मूठभर चिंचोके घ्या. डावीकडे ३७८ मांडा, उजवीकडे २६६. दोन्हीला मिळून सोळा चिंचोके लागतील. मग सगळे एकत्र सरकवा आणि खालून वर आवरत या. पाचाच्या जागेतले दोन उचलून दहाच्या रेघेवर एक, पन्नासचे दोन उचलून शंभरावर एक, शंभरावर सहा झाले की त्यांतले पाच उचलून वरच्या जागेत एक. कागदावर दहा चिंचोके राहिले पाहिजेत: पाचशेचा एक, शंभराचा एक, दहाचे चार आणि एककाचे चार. अकरा राहिले असतील तर कुठेतरी दोनांचा एक करायचा राहून गेला आहे.